फिल्टर विकणाऱ्यानं ग्रुपमध्ये उत्तर कसं द्यावं

प्रश्न: सर, मी दीड वर्षापूर्वी ठिबकचं दुकान टाकलं. फिल्टर, नळ्या, व्हेंच्युरी, सर्व्हिसिंग सगळं करतो. द्राक्ष आणि उसाच्या सहा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये आहे. ऑफर टाकली की अ‍ॅडमिन डिलीट करतात, आणि कुणाला उत्तर दिलं तरी लोक म्हणतात "आला जाहिरात करायला". दोन ग्रुपमधून काढलंसुद्धा. मला खरंच मदत करायची असते. नेमकं काय चुकतंय?

उत्तर:

तुमची उत्तरं मी पाहिलेली नाहीत, पण ती कशी असतील याचा अंदाज आहे, कारण माझी पहिल्या दोन वर्षांतली उत्तरं तशीच होती. शेतकरी विचारायचा, "पाणी शेवटपर्यंत पोचत नाही, काय करू?" मी लिहायचो, "फिल्टर चेक करा, आमच्याकडे डिस्क फिल्टर आहे, कॉल करा," आणि खाली नंबर. मला वाटायचं मी मदत केली. पण ते वाचून त्या माणसाला स्वतःच्या बागेत जाऊन करण्यासारखं काहीच मिळत नव्हतं. त्याच्या हातात उरायचा फक्त माझा नंबर. लोकांना राग येतो तो नेमका याचा. तुम्ही दुकानदार आहात हे कुणाला खुपत नाही.

एक उदाहरण पूर्ण सांगतो, म्हणजे फरक कळेल. गेल्या वर्षी खरड छाटणीनंतरची गोष्ट. आमच्या तालुक्याच्या द्राक्ष ग्रुपवर एकानं फोटो टाकला. ओळीच्या सुरुवातीचे वेल हिरवेगार आणि शेवटचे वीस-पंचवीस मलूल. खाली लिहिलेलं: "एक एकर, बोअरचं पाणी, फिल्टर जुना झालाय, कुठला घेऊ?" दहा मिनिटांत सात उत्तरं आली. तीन कंपन्यांची नावं, दोन फोन नंबर, एक "इनबॉक्स करा" आणि एक नमस्काराचा हात. फिल्टर मीही विकतो. सात उत्तरांत आठवं घालणं सोपं होतं.

पण प्रश्न नीट वाचला तर त्यातच उत्तर गृहीत धरलेलं होतं. त्रास आहे शेवटच्या वेलांना, दोष ठरवला फिल्टरचा. म्हणून मी त्याच्याच मेसेजला रिप्लाय करून लिहिलं: "दादा, माझं ठिबकचं दुकान आहे, फिल्टर विकतो, हे आधी सांगतो. पण फिल्टर घ्यायच्या आधी तीन गोष्टी मोजून इथंच टाका. एक, मोटर चालू असताना फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा प्रेशर गेज किती दाखवतो. दोन, ओळीच्या सुरुवातीच्या चार तोट्यांखाली आणि शेवटच्या शेजारशेजारच्या चार तोट्यांखाली डबे ठेवून बरोबर तीन मिनिटांत किती मिली पाणी पडतं. तीन, शेवटची एंड कॅप काढून पहिलं पाणी कसल्या रंगाचं येतं."

ही तीन मापं का मागितली तेही तिथंच लिहिलं, कारण वाचणारा तो एकटाच नव्हता. फिल्टर तुंबला की त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या प्रेशरमध्ये फरक पडतो. तो अर्धा किलोच्या वर गेला की फिल्टर धुवायची वेळ आली. धुऊनही फरक उतरत नसेल तर मगच जाळी किंवा चकत्या बदलायचा विचार करायचा. तासाला 4 लिटरची तोटी तीन मिनिटांत 200 मिली पाणी देते, म्हणजे घरातल्या औषधाच्या मापावरसुद्धा मोजता येतं. आणि शेजारशेजारच्या तोट्या मोजायच्या त्या एका खास कारणासाठी. सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाणी हळूहळू आणि सारखं कमी होत गेलं असेल तर दाब पुरत नाही. नळी फार लांब आहे, कुठंतरी गळती आहे किंवा एका वेळी जास्त क्षेत्र चालू आहे. पण शेजारच्या दोन तोट्यांतच मोठा फरक असेल तर दाब कुठून वेगळा असणार? तिथं तोट्या तुंबल्यात.

संध्याकाळी आकडे आले. फिल्टरच्या आधी 1.4 किलो, नंतर 1.3. सुरुवातीच्या तोट्या 195 च्या आसपास. शेवटच्या चार: 180, 95, 150, 60. एंड कॅप काढल्यावर गढूळ पांढरट पाणी, त्यात बारीक कण.

म्हणजे फिल्टरचा काही संबंधच नव्हता. मी लिहिलं, "फिल्टर नका घेऊ. शेवटच्या नळीचा वीतभर तुकडा कापा, उभा चिरा आणि आत जो पांढरा थर दिसतोय त्यावर संडास साफ करायच्या अ‍ॅसिडचा एक थेंब टाका. फसफसला तर तो क्षाराचा थर. फसफसला नाही आणि बोटाला बुळबुळीत लागला तर शेवाळ-जिवाणूंचा. तांबडा असेल तर लोहाचा." त्यानं फसफसतानाचा व्हिडिओच टाकला. अर्ध्या मिनिटाचा तो व्हिडिओ आजही कुणी ना कुणी त्या ग्रुपवर पुन्हा टाकतं.

त्यानंतर आम्ल प्रक्रिया कशी करायची ते लिहिलं, आणि उपयोगी उत्तराची खरी परीक्षा तिथंच होते. "एकरी अमुक लिटर अ‍ॅसिड सोडा" असं लिहिणं सोपं असतं, आणि ते वाचायला भारदस्तही वाटतं. पण प्रत्येक बोअरचं पाणी वेगळं. म्हणून मी आकडा दिला नाही, आकडा काढायची रीत दिली. बादलीत त्याच पाण्याचे 10 लिटर घ्या. एकेक मिली हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड घालून ढवळत जा आणि दरवेळी पीएच पट्टी बुडवा. पट्टी 4 दाखवेल तिथं थांबा. त्याला 7 मिली लागलं, म्हणजे लिटरला 0.7 मिली. बाग 9 बाय 5 फुटांची, म्हणजे एकरी 968 वेल, वेलाला 4 लिटरच्या दोन तोट्या. तासाला साधारण 7,750 लिटर पाणी. पंधरा मिनिटांत 1,940 लिटर, त्याला जवळपास 1.4 लिटर अ‍ॅसिड. व्हेंच्युरीतून हळूहळू सोडायचं, शेवटच्या तोटीच्या पाण्यात पट्टी 4 दाखवेपर्यंत. मग मोटर बंद. 24 तास तसंच ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी आधी सबमेन, मग एकेक नळी एंड कॅप काढून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवायची.

खाली चार वाक्यं वेगळी टाकली, ती कधीही गाळत नाही. अ‍ॅसिड पाण्यात घालायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये नाही. हातमोजे आणि चष्मा घालायचाच. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग किंवा क्लोरीन कधीही एकत्र येऊ द्यायचं नाही, त्यातून विषारी वायू निघतो. आणि 0.7 हा आकडा या एका बोअरचा आहे, तुमचा तुम्ही बादलीत काढा. हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज तुमच्या ग्रुपमध्ये राहत नाही. तो फॉरवर्ड होतो, वरचा प्रश्न गळतो, खालची चेतावणी गळते आणि दुसऱ्या जिल्ह्यात कुणीतरी फक्त "1.4 लिटर" वाचतो. म्हणून आकडा आणि त्याची अट एकाच वाक्यात बांधायची. वेगळ्या मेसेजमध्ये टाकलेली चेतावणी टाकली नाही असंच धरा.

तीन-चार दिवसांनी त्यानं पुन्हा मोजून टाकलं: 185, 170, 180, 165. काही नळ्या बदलाव्या लागल्याच, त्या त्यानं त्याच्या गावातल्या दुकानातून घेतल्या. माझ्याकडून त्या वेळी एक रुपयाचंही काही घेतलं नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण तुम्हाला असं वाटत असेल की मदत केली की गिऱ्हाईक येतं. कधी येतं, कधी नाही. माझ्याकडे पाच-सहा महिन्यांनी कुणीतरी येतो आणि "तुम्ही तेच ना, फिल्टर नको म्हणणारे?" असं विचारतो, तेही घडतं. पण उत्तर लिहिताना त्याचा हिशेब डोक्यात असला की तो शब्दांत उतरतो, आणि गावातली माणसं असले शब्द लगेच ओळखतात.

मग फिल्टरच घ्यायला हवा असेल तेव्हा? तेव्हा कंपनी सांगू नका, माप सांगा. "तासाला 7-8 हजार लिटर जातात, तर 10 घनमीटरचा घ्या, 120 मेशचा. पाणी शेततळ्याचं असेल तर त्याच्या आधी सँड फिल्टर हवाच, नुसत्या डिस्कवर शेवाळ थांबत नाही, ती दर तासाला धुवत बसाल." एवढं घेऊन तो माणूस कुठल्याही दुकानात जाऊ शकतो आणि तिथल्या माणसाला नेमकं विचारू शकतो. माझं दुकान आहे हे मी सुरुवातीला एकदा सांगितलेलंच असतं. माझ्या प्रोफाइलच्या नावातच "ठिबक" आणि तालुक्याचं नाव आहे, म्हणून प्रत्येक उत्तराखाली सही-शिक्का लागत नाही. उत्तराखाली नंबर टाकणं तर आजच बंद करा. व्हॉट्सअ‍ॅपवर तुमच्या मेसेजला तुमचा नंबर चिकटलेलाच असतो. तो पुन्हा लिहिला की त्याचा एकच अर्थ निघतो.

"इनबॉक्स करा" याबद्दल माझं मत जरा कडक आहे. प्रश्न चारचौघांत विचारला, उत्तर मात्र आडोशाला नेलं, की ग्रुपला काही मिळत नाही. शिवाय चुकीचं उत्तर दिलं तर पकडणारा कुणी उरत नाही. मी फक्त दोन गोष्टींसाठी खाजगीत जातो: किंमत, आणि समोरच्याचे कागद. लोक सबसिडीचं विचारताना सातबारा, आधार, बँक पासबुक सगळं ग्रुपवर टाकून मोकळे होतात. तेव्हा त्याला खाजगीत सांगायचं, "ते डिलीट करा, नाव झाकून फक्त अडलेला भाग टाका." उलट कुणी मलाच खाजगीत तांत्रिक प्रश्न विचारला तर उत्तर देतो आणि विचारतो, "नाव-गाव काढून हे ग्रुपवर टाकू का?" बहुतेक जण हो म्हणतात. नाही म्हणाला तर नाही.

आता माझी चूक. त्याच ग्रुपवर आधी एकदा एकानं चिरलेल्या नळीचा फोटो टाकला होता. आत फिकट थर दिसला आणि मी न विचारता लिहिलं, "क्षार आहे, अ‍ॅसिड सोडा." ते शेततळ्याचं पाणी होतं. थर बुळबुळीत होता, नळी उन्हात ठेवून फोटो काढल्यामुळे वाळून पांढरट दिसत होता. त्याला हवी होती क्लोरीन प्रक्रिया. अ‍ॅसिडनं काही झालं नाही, पंधरा दिवस गेले, आणि तो चिडून ग्रुपवरच बोलला. बोलायलाच हवं होतं. मी माझ्याच जुन्या मेसेजला रिप्लाय करून लिहिलं की उत्तर चुकलं, का चुकलं, आणि मी कुठला प्रश्न विचारायला हवा होता. जुना मेसेज तसाच राहिला, तेही बरंच. तो नसता तर ज्यांनी तो आधीच फॉरवर्ड केला त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोचण्याचा धागाच तुटला असता. पाणी बोअरचं, विहिरीचं, कॅनॉलचं की शेततळ्याचं, हा माझा पहिला प्रश्न तेव्हापासून आहे. फोटोवरून निदान मी करत नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या कामाची. प्रत्येक प्रश्नाला उत्तर देऊ नका. डावणी, भुरी, फवारणीचं वेळापत्रक यावर मी गप्प असतो. मला काहीच कळत नाही असं नाही. पण निर्यातीच्या मालात औषधाचा अंश राहिला तर एका वाक्याची किंमत आख्ख्या बागेला पडते, आणि ते माझं क्षेत्र नाही. तुमचंही नसावं. सगळ्यावर बोलणारा दुकानदार ठिबकवर बरोबर बोलला तरी लोक तो मेसेज वर सरकवतात.

दुसऱ्या दुकानदारानं चुकीचं सांगितलं तर काय करायचं, हा अवघड प्रसंग. "हे चूक आहे" म्हणालात की भांडण दोन दुकानांचं होतं आणि शेतकरी बाजूला राहतो. मी शेतकऱ्यालाच माप मागतो: "आधी फिल्टरचे दोन्ही गेज टाका, मग ठरवू." आकडे आले की वाद आपोआप मिटतो. अर्थात कधी कधी तो दुकानदारच बरोबर निघतो. तेव्हा "तुमचं बरोबर" एवढं लिहायचं, पुढं शेपूट जोडायचं नाही. फक्त धोका असेल, म्हणजे कुणी अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग एकत्र सोडा म्हणालं असेल, तर मी वाट बघत नाही. तिथं सरळ "हे करू नका" लिहितो.

ऑफर टाकायचीच असेल तर उघड टाका. काही ग्रुपमध्ये जाहिरातीला आठवड्यातला एक दिवस असतो. नसेल तर अ‍ॅडमिनला खाजगीत विचारा, महिन्यातून एकदा चालेल का. परवानगी मिळाली की एकच मेसेज: काय आहे, कुठं आहे, किंमत किती, केव्हापर्यंत. किंमत लिहाच. "आकर्षक दर" वाचून कुणी फोन करत नाही. आणि मित्राकडून "चांगला फिल्टर कुठं मिळेल?" असा प्रश्न टाकून घ्यायचा आणि पाच मिनिटांत आपण उत्तर द्यायचं, हे नाटक आमच्याकडे दोघांनी केलं होतं. ते दोघं एकाच लग्नाच्या फोटोत शेजारी उभे होते आणि तो फोटो त्याच ग्रुपवर आला. पुढचं सांगायला नको.

ग्रुपमधले नंबर काढून एकेकाला मेसेज करणं तर अजिबात नको. तुमच्या दोन ग्रुपमधून काढण्यामागं हेच कारण असेल अशी मला शंका आहे, कारण नुसत्या ऑफरसाठी अ‍ॅडमिन बहुधा मेसेज डिलीट करून सोडून देतो, माणसाला काढतो तो सभासदांच्या तक्रारींवरून. लोकांनी नंबर रिपोर्ट केला तर व्हॉट्सअ‍ॅप तो नंबर बंदही करतं, आणि दुकानाचा नंबर गेला की जुनं गिऱ्हाईकही जातं. ब्रॉडकास्ट लिस्टचा मेसेज तसाही ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच पोचतो, म्हणजे ती सोय मुळात ओळखीच्यांसाठी आहे.

ज्या दोन ग्रुपमधून काढलं, तिथल्या अ‍ॅडमिनना एकदाच मेसेज करा: "माझ्याकडून जाहिरात झाली, पुन्हा होणार नाही, वाटलं तर घ्या." उत्तर आलं नाही तर सोडून द्या. दुसऱ्या नंबरवरून शिरू नका. उरलेल्या चार ग्रुपमध्ये पुढचे दोन महिने ऑफर टाकू नका आणि फक्त पाण्याचे प्रश्न घ्या. दुकानात प्रेशर गेज, 250 मिलीचं माप आणि पीएच पट्ट्यांची एक डबी ठेवा. जो ग्रुपवर विचारेल आणि जवळचा असेल त्याला गेज एक दिवस उसना द्या. परत आणून देताना तो आकडेही घेऊन येतो.